दोन बाटल्या, एक डबी आणि पिंजारलेले केस

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

गेल्या वर्षी जूनमध्ये पहिला दमदार पाऊस पडून गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या मजल्यावरची एक मुलगी संध्याकाळी माझ्याकडे आली. मुलगी म्हणायची ती माझ्या वयाच्या मानाने. ती शाळेत शिकवते, रोज ठाण्याहून दादरला लोकलने जाते. डिसेंबरमध्ये भावाच्या लग्नाआधी तिने पार्लरमध्ये केस सरळ करून घेतले होते. रिबॉण्डिंग. पाच तास बसली होती आणि जवळजवळ अर्धा पगार मोजला होता. मे महिन्यापर्यंत केस खरोखरच रेशमासारखे होते. आणि आता? "काकू, सकाळी घरातून निघते तेव्हा बरे असतात. दादर येईपर्यंत कापूस पिंजल्यासारखे होतात," ती म्हणाली. मग पिशवीतून तिने टेबलावर दोन बाटल्या आणि एक डबी मांडली. कंडिशनर, हेअर मास्क आणि सीरम. "ह्यातलं नेमकं काय लावू? की सरळ पुन्हा रिबॉण्डिंग करून घेऊ? पार्लरवाली म्हणते, सगळेच केस परत करावे लागतील."

मी बरीच वर्षं केसांच्या प्रसाधनांच्या प्रयोगशाळेत काम केलं आहे, म्हणून शेजारीपाजारी असले प्रश्न माझ्याकडे येतात. तिला मी म्हटलं, बाटल्या राहू देत बाजूला. आधी खिडकीपाशी उजेडात बस आणि केस मोकळे सोड.

उजेडात जे दिसलं ते आधी सांगते, कारण सगळा उलगडा तिथेच आहे. तिच्या डोक्यावर दोन प्रकारचे केस होते. टाळूपासून साधारण चार बोटं, म्हणजे सहा-सात सेंटिमीटरपर्यंतचे केस लाटालाटांचे, तिचे मूळचे. केस महिन्याला सुमारे सव्वा सेंटिमीटरपर्यंत वाढतात. डिसेंबर ते जून असा हिशेब केला तर एवढे नवे केस यायलाच हवेत. त्याखाली सरळ केलेले केस, आणि अगदी टोकाला कोरडे, फाटे फुटलेले. जिथे नवे आणि जुने केस जुळतात त्या रेषेवर बोटभर लांबीचे तुटलेले केस उभे राहिले होते. ती ज्याला एकच 'पिंजारणं' म्हणत होती, ते असं तीन ठिकाणचं, तीन कारणांचं होतं. नव्या वाढलेल्या लाटा कुठल्याच बाटलीने सरळ होणार नाहीत, हे मी तिला तिथल्या तिथे सांगून टाकलं. बाकी दोन्हींवर इलाज होता.

आता रिबॉण्डिंगमध्ये केसाचं होतं काय, ते पाहू. केस हा केरॅटिन नावाच्या प्रथिनाचा दोर आहे. या दोराचे पदर एकमेकांना गंधकाच्या बंधांनी बांधलेले असतात आणि केस सरळ की कुरळा, हे बऱ्याच अंशी या बंधांच्या मांडणीवर ठरतं. पार्लरमध्ये पहिल्यांदा जे उग्र वासाचं क्रीम लावतात, त्यात बहुधा थायोग्लायकोलेट असतं. ते यातले बरेचसे बंध सोडवतं. मग तापलेल्या इस्त्रीने केस सरळ ओढायचे आणि दुसरं क्रीम, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड लावून सुटलेले बंध नव्या सरळ जागी परत बांधायचे. परत बांधताना सगळे बांधले जात नाहीत. म्हणून असा केस दिसायला सरळ असला तरी मूळच्या केसापेक्षा कमजोरच असतो.

दुसरं नुकसान बाहेरच्या अंगाला होतं. केसावर कौलारू छपरासारखे खवले असतात, एकावर एक चढवलेले, तोंड टोकाकडे. या कौलांवर निसर्गाने स्निग्ध पदार्थाचा एक अतिशय पातळ थर चिकटवून दिलेला असतो. पावसाळ्याआधी कौलांना तेल पाजावं तसा. निरोगी केसावरून पाणी ओघळतं ते या थरामुळे. सरळ करण्याचं क्रीम अल्कधर्मी असतं आणि ते हा थर मोठ्या प्रमाणात काढून टाकतं. एकदा गेला की त्या केसावर तो पुन्हा येत नाही, कारण बाहेर आलेला केस हा मेलेलाच असतो. तो स्वतःला दुरुस्त करत नाही. थर गेला, कौलं उचकटली, की दोन गोष्टी होतात. एक, हवेतली वाफ केसात सहज शिरते. केस पाण्याने फुगतो. पूर्ण भिजलेला केस कोरड्यापेक्षा सुमारे पंधरा टक्के जाड होतो. सगळे केस सारखे फुगत नाहीत, एकच केससुद्धा सगळीकडे सारखा फुगत नाही, म्हणून जो तो आपापल्या दिशेला वळतो. दमट हवेत डोकं पिंजारतं ते असं. दुसरं, उचकटलेली कौलं एकमेकांत अडकतात, गुंता होतो, कंगवा ओढला जातो आणि कमजोर केस तुटतो.

म्हणजे कामं दोन: घर्षण कमी करणं आणि वाफ अडवणं. त्या दोन बाटल्या आणि डबी ही कामं किती करतात, एवढंच आता पाहायचं.

कंडिशनरबद्दल पुष्कळ जणींचा समज असा की ते शॅम्पूनंतर लावायचं सुगंधी क्रीम, चैनीची वस्तू. आमच्या धंद्यातला माझा सगळ्यात आवडता पदार्थ मात्र तोच. स्निग्ध थर गेलेल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार वाढतो. कंडिशनरमधला मुख्य घटक (लेबलवर त्याचं नाव बेहेनट्रायमोनियम किंवा सेट्रिमोनियम असं काहीतरी असतं) धनभारित असतो. विरुद्ध भार एकमेकांना ओढतात, हे आपण शाळेत शिकलो. त्यामुळे हा घटक केसाला आपणहून चिकटतो आणि गंमत म्हणजे जिथे केस जास्त खराब, तिथे तो जास्त चिकटतो. मुळाशी कमी, टोकाला भरपूर. त्याला जागा दाखवावी लागत नाही. त्याच्या जोडीला सेटील अल्कोहोलसारखे मेणचट पदार्थ असतात. नावात अल्कोहोल आहे म्हणून घाबरून बाटली परत ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. हे केस कोरडे करणारं स्पिरिट नव्हे, हे स्निग्धच असतं. दोन्ही मिळून कौलांवर एक निसटता लेप बसवतात.

हे चिकटणं एक-दोन मिनिटांत होतं. चांगलं धुतलं तरी चिकटलेला भाग बराचसा राहतो, वरचं जास्तीचं वाहून जातं. म्हणून कंडिशनर अर्धा तास ठेवून फार काही मिळत नाही. मात्र पुढच्या शॅम्पूत हा लेप निघून जातो, म्हणून ते दर वेळी लावावं लागतं. आमच्या या मास्तरीणबाई आठवड्यातून दोनदा न्हायच्या आणि कंडिशनर 'महाग पडतं' म्हणून रविवारीच लावायच्या. दुसऱ्या न्हाण्याला त्यांचे केस उघड्या कौलांनीच कंगव्याला सामोरे जात होते.

हेअर मास्कची डबी मी उघडली आणि लेबल कंडिशनरच्या बाटलीशेजारी ठेवून तिला वाचायला लावलं. लेबलवर घटक साधारणपणे जास्त प्रमाणाकडून कमीकडे लिहिलेले असतात. पहिले चार घटक दोन्हींत जवळपास तेच निघाले. ती थोडी नाराजच झाली, कारण डबी बाटलीच्या तिप्पट किमतीची होती. मास्क म्हणजे बहुतेक वेळा घट्ट कंडिशनर: तेलं, मेणचट पदार्थ जास्त, आणि प्रथिनांचे बारीक तुकडे घातलेले. रसायनाने सच्छिद्र झालेल्या केसात यातलं थोडं आत जातं, केस भरीव आणि मऊ वाटतो, आणि दोन-तीन न्हाण्यांत ते निघूनही जातं. फाटे फुटलेल्या टोकांना याचा उपयोग आहे, नाही असं नाही. आठवड्यातून एकदा, शॅम्पूनंतर, कानाखालच्या केसांना, दहा ते पंधरा मिनिटं. त्या दिवशी वेगळं कंडिशनर लागत नाही. रात्रभर डोक्याला बांधून झोपू नये. केस तासन्‌तास फुगलेला राहतो आणि फुगलेला केस कमजोर असतो. प्रथिनांचा मास्क दर न्हाण्याला लावला तर काही जणींचे केस मऊ व्हायच्याऐवजी काथ्यासारखे ताठ होतात. तसं वाटलं तर महिनाभर बंद करावा.

इथे एक घरचा मुद्दा सांगते. नारळाचं तेल केसात खरंच आत शिरतं. सूर्यफुलाचं आणि खनिज तेल तसं शिरत नाही. न्हाण्याआधी लावलेलं नारळाचं तेल धुताना होणारी केसातल्या प्रथिनांची झीज कमी करतं, असं मुंबईतल्या दोन संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं. रसायन लावलेल्या खराब केसांवरही त्यांना तो परिणाम दिसला. तेव्हा मास्क परवडत नसेल तर न्हाण्याच्या आदल्या रात्री टोकांना चमचाभर खोबरेल आणि न्हाताना कंडिशनर, यावर माझा जास्त भरवसा आहे.

राहिलं सीरम. सीरमच्या बाटलीत मुख्यत्वे सिलिकोन असतं: डायमेथिकोन, सायक्लोपेंटासिलोक्सेन अशी नावं. यातलं हलकं सिलिकोन केसावर पसरतं आणि काही वेळात उडून जातं. जाड सिलिकोनची पातळ फिल्म मागे राहते. ती केसात शिरत नाही, काही पोसत नाही, दुरुस्त करत नाही. लेबलवर 'पोषण' लिहिलेलं असतं, ते सोडून द्या. पण जे काम ती करते ते चोख करते: केस केसाला न अडकता सरकतो, उडते केस शेजारच्यांना धरून बसतात, आणि हवेतली वाफ आत जायचा वेग कमी होतो. वेग कमी होतो, वाफ थांबत नाही. मुंबईच्या जुलैत संध्याकाळपर्यंत काही ना काही शिरतेच.

सीरम घेताना मात्र लेबलवर ग्लिसरीन वरच्या घटकांत आहे का ते पाहावं. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं. कोरड्या हवेत त्याचा त्रास नसतो, पण पावसाळ्यात किनारपट्टीवर तेच केस फुगवायला मदत करतं. लावून पाहून ठरवावं, हे उत्तम.

तिला हे सगळं पटलं की नाही कोण जाणे, पण शिक्षिका असल्यामुळे तिने पुरावा मागितला. मग आम्ही अर्ध्या डोक्याची चाचणी केली. प्रयोगशाळेत ही रोजची पद्धत आहे: मधोमध भांग, एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरं. डोकं तेच, पाणी तेच, हवा तीच, लोकल तीच. म्हणून फरक दिसला तर तो बाटलीचाच. तुम्हाला घरी सहज करता येईल.

पहिल्या आठवड्यात दोन्ही न्हाण्यांना उजवीकडे शॅम्पू आणि कंडिशनर, डावीकडे नुसता शॅम्पू. न्हाल्यावर तिने पांढऱ्या पंचावर वाकून केस विंचरले आणि पडलेले केस वेगळे केले. यात एक खूण लक्षात ठेवायची. पूर्ण लांबीचा आणि एका टोकाला पांढरा ठिपका असलेला केस हा मुळापासून गळलेला असतो. दिवसाला पन्नास ते शंभर असे गळणं नेहमीचं आहे. आखूड आणि ठिपका नसलेला तुकडा हा तुटलेला. गळालेले केस दोन्हीकडे सारखेच होते. तुटलेले तुकडे डावीकडे दुपटीहून जास्त निघाले. त्या दिवसापासून तिने कंडिशनर चुकवलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात दोन्ही बाजूंना कंडिशनर. फक्त पहिल्या न्हाण्याला उजवीकडे त्याच्याऐवजी मास्क, आणि डावीकडे दोन्ही वेळा कंडिशनरनंतर सीरम. न्हाल्यावर हाताला उजवी बाजू सरस लागली, जड आणि मऊ. सकाळी सातला आरशात दोन्ही बाजू सारख्या. संध्याकाळी सहाला ती दादरहून परतली ती थेट माझ्याकडे, डोकं दाखवायला. उजवी बाजू पुन्हा पिंजारली होती. मऊ होती, पण पिंजारलेली. डावी बाजू सकाळच्या बरीच जवळ होती. टाळूजवळच्या लाटा मात्र दोन्हीकडे सारख्याच उठल्या होत्या, हे मी तिला मुद्दाम दाखवलं.

तेव्हा माझा क्रम असा आहे. तुटणं थांबवायचं असेल तर कंडिशनर, दर न्हाण्याला. दिवसभराचं पिंजारणं कमी करायचं असेल तर सीरम. पैसे उरले आणि टोकं कोरडी असतील तर मास्क. बाजारात हाच क्रम उलटा करून विकतात. आणि कंडिशनर न लावता नुसतं सीरम चोपडणं हा सगळ्यांत वाईट सौदा, कारण ओल्या केसातून कंगवा फिरतो त्या क्षणी सीरम अजून बाटलीतच असतं.

लावायची रीतही सांगते, कारण चुका तिथेच होतात. शॅम्पू टाळूला लावायचा, चोळायचा तो तिथेच. लांबीवरून त्याचा फेस वाहू दिला की पुरे. मग केस हाताने पिळून पाणी काढायचं. पाणी निथळणाऱ्या केसांना कंडिशनर लावलं तर ते पाण्याबरोबर वाहून जातं. खांद्याच्या खाली जाणाऱ्या केसांना साधारण दोन चहाचे चमचे. कानाच्या रेषेखाली आणि टोकांना. तिच्यासारखे तुटके केस जोडरेषेवर असतील तर हाताला उरलेलं तिथून हलकेच फिरवायचं, टाळूला नाही. केसात कंडिशनर असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने आधी टोकं, मग वर असं सोडवायचं. दोन-तीन मिनिटांनी धुवायचं. जाड टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही. जुना मऊ पंचा गुंडाळून दाबायचं.

सीरम केस ओलसर असताना, पाणी टपकायचं थांबल्यावर. तीन-चार थेंब, दोन्ही तळव्यांना आधी चोळून, मग टोकांपासून वर. सकाळी निघताना आणखी एक थेंब, वरून. जास्त झालं तर केस चिकट, लोंबते दिसतात, आणि महिनाभर रोज लावत राहिलं तर फिल्मवर फिल्म चढते. ओळखायची खूण: केस धुऊनही जड, निस्तेज, मुळाशी तेलकट आणि टोकाशी कोरडे. तसं झालं की एकदा साध्या, भरपूर फेसाच्या शॅम्पूने दोनदा धुवावं आणि मग कंडिशनर लावावं. सगळं उतरतं.

घरी इस्त्री फिरवणाऱ्यांसाठी एक सूचना. ओलसर केसावर तापलेली इस्त्री कधीही नको. आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि केसाच्या गाभ्यात बुडबुडे तयार होतात; सूक्ष्मदर्शकाखाली ते स्पष्ट दिसतात, आणि केस नेमका तिथे मोडतो. सीरम लावलंय म्हणून वाचाल, असं नाही.

आता तिचा दुसरा प्रश्न. पुन्हा सगळे केस करून घ्यावेत का? यासाठी मी तिचा टोकाकडचा एक केस घेतला, भिजवला आणि दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूहळू ताणला. बरा ओला केस थोडा ताणला जातो आणि सोडल्यावर परत येतो. तिचा केस च्युइंग गमसारखा ओढला गेला, परत आला नाही आणि तुटला. मग टाळूजवळच्या नव्या भागातला केस घेतला. तो ताणला आणि परत आला. ज्या केसाचे बंध एकदा सोडवून अर्धवट बांधले गेलेत, त्यावर तेच रसायन पुन्हा घालणं म्हणजे तो हातात घ्यायची तयारी ठेवणं. बाजारातला नेहमीचा कुठलाही मास्क हे नुकसान भरून काढत नाही, पार्लरच्या 'स्पा'नेही नाही.

तिने त्या पावसाळ्यात काही केलं नाही. टोकांचे दोन इंच कापले, आणि लाटा व सरळ केस वेगवेगळे दिसू नयेत म्हणून मोकळे सोडायच्याऐवजी सैल वेणी घालू लागली. घट्ट रबराने जोडरेषेवरच केस तुटत होते, तेही थांबलं. नोव्हेंबरमध्ये ती दुसऱ्या पार्लरमध्ये गेली ती चार अटी घेऊन: क्रीम फक्त नव्या केसांना, जोडरेषेच्या खाली नाही. जुन्या केसांना आधी जाड क्रीमचा लेप, म्हणजे चुकून रसायन ओघळलं तरी तिथे लागणार नाही. आधी मानेजवळच्या एकाच बटेवर करून पाहायचं आणि ती बट ओली ताणून बघायची. आणि टाळूला जळजळ झाली तर तिथेच थांबायचं. पार्लरवालीने तोंड वाकडं केलं, पण केलं. डबीतला मास्क अजून अर्धा शिल्लक आहे, असं परवाच सांगत होती; सीरमची मात्र दुसरी बाटली सुरू आहे.